शाळेच्या किचनचं जेवण: पैसे मोजके, पोषण पूर्ण, हे कसं बसवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या शाळांची किचन चालवणाऱ्या ताया, बचत गटाच्या बायका, हॉस्टेलचे मॅनेजर सारखे जे प्रश्न पाठवतात ते इथे एकत्र केलेत. सगळीकडे एकच उदाहरण धरलंय: सहावी ते आठवीची २०० मुलं, दुपारचं एक जेवण, आणि शाळा एका ताटामागे ३५ रुपये देते. दवाखान्याचे प्रश्न शेवटी आहेत.

१. सुरुवात कुठून करायची, मेनूपासून की बजेटपासून?

दोन्हीपासून नाही, ग्रॅमपासून. एका मुलामागे कच्चा तांदूळ किती, कच्ची दाळ किती, भाजी किती, तेल किती, हे आधी कागदावर लिहा, मग त्याचे पैसे काढा आणि सगळ्यात शेवटी मेनू ठरवा. बहुतेक जण उलटं करतात, सोमवारी राजमा, मंगळवारी पनीर असा छान तक्ता भिंतीवर लावतात आणि महिन्याच्या वीस तारखेला पैसे संपले की दाळीत पाणी वाढतं. मोजायचं नेहमी कच्चं वजन. शिजलेल्याचं वजन फसवतं कारण त्यात पाणी किती ते कळत नाही.

२. मग एका मुलाला किती ग्रॅम लागतं?

खासगी शाळा असली तरी पीएम पोषण योजनेचं माप आधाराला घ्या, ते सोपं आहे आणि तपासायला कुणी आलं तर दाखवताही येतं. पहिली ते पाचवीला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन. मोठ्या मुलांसाठी जिन्नस असे: धान्य १५० ग्रॅम, दाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. लहान मुलांना धान्य १००, दाळ २०, भाजी ५०, तेल ५ ग्रॅम.

आपल्या उदाहरणात धान्य दोन भागात तोडू, १०० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम कणीक म्हणजे दोन पोळ्या, कारण दीडशे ग्रॅम तांदळाचा भात चारशे ग्रॅमच्या आसपास होतो आणि एवढा भात सहावीचं मूल एका बैठकीत संपवत नाही. तेल आपण १० ग्रॅम धरू. आता बेरीज करा. तांदळातून ३५० कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रोटीन, कणकेतून १६० आणि ५, दाळीतून १०० आणि साडेसहा, तेलातून ९० कॅलरी, भाजीतून थोडंसं. एकूण सव्वासातशेच्या आसपास कॅलरी आणि २० ग्रॅमच्या थोडं वर प्रोटीन. म्हणजे बसतं, पण काठावर बसतं. दाळ ३० ची १५ झाली तर प्रोटीन थेट सतरावर येतं. त्यामुळे या पूर्ण पानावर मी दाळीच्याच मागे लागलेले दिसेन, त्याला इलाज नाही.

३. ३५ रुपयांत हे खरंच होतं का? हिशोब दाखवा ना.

होतं. आधी स्वयंपाक करणाऱ्यांची मजुरी, धुणं-पुसणं, भांड्यांची झीज याचे १० रुपये बाजूला काढा. उरले २५. खालचे भाव फक्त हिशोबासाठी धरलेत, तुमच्या दुकानदाराचे भाव टाकून परत करा.

तांदूळ ४५ रुपये किलोने साडेचार रुपये, कणीक ४० ने दोन रुपये, तूरदाळ १३० ने तीन रुपये नव्वद पैसे, भाजी ४० ने तीन रुपये साठ पैसे (निवडल्यावर ७५ ग्रॅम उरायला ९० ग्रॅम आणावी लागते म्हणून), तेल दीड रुपया, कांदा-टमाटर-मीठ-मसाला दीड रुपया. झाले १७. गॅसचे दोन धरा, १९.

राहिले सहा रुपये. त्यातला एक रुपया हात न लावता वेगळा ठेवायचा, तो भाववाढीचा रुपया, २०० मुलांचे रोजचे २०० रुपये होतात आणि पावसाळ्यात तेच वाचवतात. बाकी पाच रुपये रोज खर्च करायचे नाहीत, आठवड्याचे एकत्र धरायचे, सहा दिवसांचे ३० रुपये. त्यात दोन दिवस अंडं (सातच्या भावाने १४), एक दिवस फल्लीदाण्याची चिक्की ५, एक दिवस केळ किंवा मोसमात संत्रं ५, आणि उरलेल्या सहात एक दिवस दह्याची कढी. रोज काहीतरी छोटं देण्यापेक्षा हे बरं पडतं, मुलांना दिवस पाठ होतात आणि अंड्याच्या दिवशी हजेरी वाढते.

४. सरकारी योजनेत तर एवढे पैसे मिळत नाहीत, मग तिथे कसं करतात?

तिथे धान्याचे पैसे त्या रकमेत नसतात, तांदूळ वेगळा येतो. मे २०२५ पासून मोठ्या वर्गांना एका मुलामागे दिवसाला १० रुपये १७ पैसे आणि लहानांना ६ रुपये ७८ पैसे असा दर आहे, त्यात दाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन बसवायचं. वरच्या हिशोबातून तांदूळ-कणीक काढा, साडेबारा रुपये राहतात. म्हणजे जवळपास सव्वादोन रुपयांची तूट. ती भरायला तूर आणि दुसरी स्वस्त दाळ मिसळणं, ठोक खरेदी आणि परसबाग हेच मार्ग आहेत, पण दाळीचं वजन कमी करणं हा मार्ग नाही.

५. सगळ्यात स्वस्त प्रोटीन कशात मिळतं?

किलोचा भाव बघू नका, दहा ग्रॅम प्रोटीनला किती पैसे पडतात ते बघा. १३० ची तूरदाळ घेतली तर दहा ग्रॅम प्रोटीन सहा रुपयांना पडतं, ९० ची चणादाळ घेतली तर चार रुपयांना, फल्लीदाणे साडेपाचच्या आसपास, आणि सोयाबीनच्या वड्या ११० च्या असतील तर फक्त दोन रुपये. अंडं अकराच्या जवळ जातं. दूध सतरा-अठरा, पनीर त्याहून वर. त्यामुळे पालक मिटिंगमध्ये कुणी "पनीर द्या" म्हटलं की हे आकडे पुढे ठेवा.

पण अंडं महाग म्हणून काढून टाकू नका. त्यात बी-१२ आहे जे दाळ-भातात नसतंच, आणि त्याचं प्रोटीन शरीराला सोपं जातं. दाळ आणि भात मात्र एकाच ताटात हवेत, तांदळात लायसिन कमी असतं ते दाळ भरून काढते, दाळीत जे कमी ते तांदूळ देतो. नुसता मसालेभात देऊन "उद्या दाळ देऊ" हे चालत नाही.

६. दाळ मोजून देतो तरी वरण पातळ येतं, नक्की कुठे जाते ते कसं कळेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तीन गोष्टी करा.

पहिली, पातेल्यावर खूण. ३० ग्रॅम दाळीचं नीट खाण्याजोगं वरण साधारण १८० ते २०० मिलीलिटर होतं. २०० मुलांची ६ किलो दाळ म्हणजे ३६ ते ४० लिटर वरण. एकदा पातेल्यात बादलीने मोजून ४० लिटर पाणी ओता, पातळी जिथे येते तिथे आतून खिळ्याने ओरखडा काढा. रोज फोडणी दिल्यावर वरण त्या ओरखड्याच्या वर असेल तर एकतर पाणी जास्त आहे नाहीतर मुलं जास्त आलीत, दोन्ही कळायलाच हवं. हे मावशींवर संशय म्हणून करू नका, त्यांना पण सोपं जातं, अंदाजावर राहावं लागत नाही.

दुसरी, वाढायची पळी. १०० मिलीची एकच पळी सगळ्या वाढणाऱ्यांना द्या आणि मुलामागे दोन पळ्या. आणि प्रत्येक पळी घेताना तळापासून ढवळायचं, कारण दाळ खाली बसते, पहिल्या वर्गांना वरचं पाणी आणि शेवटच्या वर्गाला गाळ असं होतं. मी बघितलेल्या बऱ्याच किचनमध्ये दाळ पूर्ण शिजत होती, मार खात होती ती वाढण्यात.

तिसरी, शनिवारचं वजन. पोत्यात काय उरलं ते काट्यावर ठेवा. सोमवारी होती ती वजा उरलेली, भागिले आठवडाभरात जेवलेल्या ताटांची बेरीज. २८ ते ३० ग्रॅम आलं तर ठीक. २२ आलं तर दाळ पातेल्यात गेलीच नाही. ३५ आलं तर तुमचा ताटांचा आकडा चुकतोय किंवा पोतं फुटलंय. ताटं हजेरीपटावरून घेऊ नका, रोज धुतलेल्या ताटांवरून घ्या.

अजून एक, दाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा टाकायची सवय असेल तर बंद करा, त्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. रात्री भिजवली की गॅसही वाचतो.

७. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आहेत पण मुलं बाजूला काढतात, काय करावं?

वास आणि रबरासारखं लागणं, या दोनच तक्रारी असतात. उकळत्या पाण्यात मीठ टाकून वड्या भिजवा, फुगल्या की घट्ट पिळा, ते पाणी फेका, परत साध्या पाण्यातून काढून परत पिळा. मग जाडसर बारीक करा आणि रश्श्यात किंवा झुणक्याच्या मसाल्यात परता. अख्ख्या वड्या ठेवल्या की मुलं वेचून काढणारच. मुलामागे १५ ग्रॅम सुक्या वड्या म्हणजे पावणेआठ ग्रॅम प्रोटीन दीड-पावणेदोन रुपयात. आठवड्यातून एक किंवा दोन वेळा पुरे.

आपल्याकडचा गोळाभात पण विसरू नका, मुलं आवडीने खातात. भिजवलेली चणादाळ जाडसर वाटून, तिखट-मीठ-ओवा घालून गोळे करायचे, अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवून वाफवायचे, वरून कडकडीत फोडणीचं तेल. दाळ गोळ्यात असल्यामुळे ती पातळ होऊच शकत नाही, मुलामागे दोन गोळे मोजले की ३० ग्रॅम दाळ पोचली. शिवाय त्या दिवशी ४०० पोळ्या लाटायचं वाचतं.

८. भाजी कुठून घ्यायची आणि पावसाळ्यात भाव चढले की काय?

२०० मुलांना रोज १८ किलो लागते. एवढ्यासाठी चिल्लर भाजीवाल्याकडे जाऊ नका, सकाळी कॉटन मार्केट गाठा किंवा दोन-तीन शाळा मिळून कळमन्यातून ठोक आणा. किराणा इतवारीत महिन्याचा एकदम.

भाजीचा भाव काढताना कचरा मोजा. मटाराच्या शेंगांचं निम्मं वजन सालीत जातं, त्यामुळे ४० चा मटार खरं तर ८० चा. फुलकोबीचा दांडा-पाला मोठा असतो. पत्ताकोबी, कोहळं, दुधी यात कचरा कमी. हिवाळ्यात पालक-मेथी-सांबार स्वस्त असतो तेव्हा भरपूर वापरा, जुलै-ऑगस्टमध्ये पालेभाजी महाग आणि चिखलाने भरलेली येते, तेव्हा कोहळं आणि बरबटीवर या. कोहळं अख्खं असेल तर आठवडेच्या आठवडे टिकतं आणि त्यात अ जीवनसत्त्वाचा घटक चांगला आहे. फक्त आलूवर महिना काढू नका, आलूचं काम भातासारखंच आहे, त्याने भाजीची जागा भरत नाही. पालेभाजीच्या दिवशी लिंबाची फोड द्या, त्याने लोह अंगी लागतं.

९. तूरदाळ महागली की स्वस्तातली मिक्स दाळ घेतली तर चालेल?

स्वतः मिसळलेली चालेल, बाजारातून मिसळून आलेली नको. २० ग्रॅम तूर आणि १० ग्रॅम मसूर किंवा मूग, चवीत फारसा फरक कळत नाही, प्रोटीन तेवढंच राहतं.

सुटी, फारच स्वस्त तूरदाळ किंवा बेसन मिळालं तर विदर्भात एक शंका आधी घ्यायची, लाखोळीची. लाखोळी रोज भरपूर पोटात गेली तर त्यातल्या विषारी घटकामुळे पाय कायमचे लुळे पडू शकतात. घरात कुणी कधीतरी खात असेल ती गोष्ट वेगळी, पण शाळेत तीच दाळ तीच मुलं रोज खातात, म्हणून किचनमध्ये ती येऊच द्यायची नाही. मूठभर दाळ पांढऱ्या ताटात पसरा. तुरीचा दाणा गोल, घुमटासारखा असतो. लाखोळीचा पाचरीसारखा, एका बाजूने उतरता आणि दुसऱ्या बाजूने चौकोनी. बेसनात हे डोळ्याला दिसणार नाही, म्हणून चणादाळ घेऊन गिरणीतून दळून आणा, ते स्वस्तही पडतं.

१०. रोज किती जणांचं शिजवायचं? कधी उरतं, कधी पुरत नाही.

पटावर २०० असले म्हणजे ताटं २०० नसतात. पहिल्या तासाला वर्गांमधून आकडा येऊ द्या, तांदूळ त्यानंतरच धुवायचा. दाळ आदल्या रात्री भिजते, तिथे मागच्या चार त्याच वारांची सरासरी धरा. पोळा, तान्हा पोळा, मारबतीचा दिवस, परीक्षा संपल्याचा दुसरा दिवस, या दिवशी हजेरी पडते हे कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

उष्ट्याच्या बादल्या दोन ठेवा, एक भात-पोळीची, एक भाजीची. एकच बादली असली की "आज वीस किलो गेलं" एवढंच कळतं. दोन असल्या की कळतं भात जास्त वाढला जातोय की वांग्याची भाजी कुणी खाल्लीच नाही. पहिल्यावर इलाज म्हणजे आधी कमी वाढा आणि परत मागू द्या, दुसऱ्यावर इलाज म्हणजे ती भाजी बदला.

११. अंडं न खाणारे, जैन मुलं, उपवास, फल्लीची ॲलर्जी, एवढं सगळं कसं सांभाळायचं?

जूनच्या शेवटी शाळा उघडली की प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्या. अंड्याला केळ हा पर्याय सगळीकडे देतात, पण केळात प्रोटीन जेमतेम एक ग्रॅम असतं, त्यामुळे केळासोबत भाजलेले चणे २० ग्रॅम द्या. जैन मुलांचं वरण कांदा-लसणाची फोडणी पडायच्या आधी वेगळ्या डब्यात काढलं की काम झालं. एकादशीला नुसता साबुदाणा म्हणजे फक्त पिठूळ पदार्थ, त्यात दाण्याचा कूट भरपूर हवा.

फल्लीची ॲलर्जी असलेलं एक जरी मूल असेल तर चिक्कीच्या जागी त्या वर्गाला तीळ-गूळ किंवा चणा-गूळ द्या, आणि कूट घातलेल्या भाजीची पळी दुसऱ्या भांड्यात बुडवू नका. आणि दाणे कडू किंवा बुरशी आलेले निघाले तर वेचत बसू नका, पोतं परत करा, त्या बुरशीचं विष भाजून जात नाही.

१२. शाळेच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे निघाले, फेकू का?

फेकू नका. ते पोषण मिसळलेले दाणे आहेत, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून तयार केलेले, साधारण शंभर दाण्यांत एक. रंग-आकार थोडा वेगळा असल्यामुळे शंका येते. तांदूळ फार चोळून धुवू नका आणि पेज काढून फेकू नका, नाहीतर जे घातलंय ते पाण्यातच जातं.

१३. उन्हाळ्यात अन्न लवकर खराब होतं, उरलेला भात दुसऱ्या दिवशी चालतो का?

नाही, भात तर अजिबात नाही. मार्च-एप्रिलमध्ये किचनमध्ये उभं राहवत नाही एवढी गरमी असते आणि भातात एक जिवाणू असतो ज्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. शिजवणं आणि वाढणं यात अंतर कमी ठेवा, झाकून ६० अंशाच्या वर गरम ठेवा, आणि उरलेलं त्याच दिवशी वाटून टाका. भाताची मोठी घमेली भरून दाबून ठेवू नका.

१४. हेच गणित दवाखान्याच्या कॅन्टीनला लावता येतं का?

पाया तोच, पण तिथे एकाच पातेल्यातून पाच प्रकारची ताटं निघतात. पैसे वाचवायचे तर पाच स्वयंपाक करू नका, एकच करा आणि योग्य वेळी बाजूला काढा. दाळ शिजली की मीठ पडायच्या आधी बिनमिठाची काढा, मग मीठ, मग तिखट फोडणीच्या आधी मऊ जेवणवाल्यांची काढा, उरलेल्याला फोडणी. डायबेटिसच्या पेशंटला तेच ताट, फक्त भात कमी, पोळी मोजून, भाजी दुप्पट.

डायबेटिसवाल्यांसाठी मेनूपेक्षा वेळ महत्त्वाची. इन्सुलिन दिलं आणि ट्रॉली पाऊण तास उशिरा आली तर साखर धोकादायक खाली जाते, म्हणून ट्रॉली त्याच वॉर्डातून सुरू करा.

१५. किडनीच्या पेशंटला "कमी सोडियमचं मीठ" वापरलं तर चालेल ना?

नको. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि किडनी नीट काम करत नसेल तर पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडतात. त्यांना साधं मीठच पण अगदी मोजून, आणि चवीसाठी जिरं, लसूण, थोडा लिंबाचा रस. पापड-लोणचं बंद. आलू असेल तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं, पोटॅशियम बरंच निघून जातं.

प्रोटीनचं मात्र अंदाजाने करू नका. डायलिसिस सुरू नसलेल्याला बहुधा कमी सांगतात आणि डायलिसिसवाल्याला उलट जास्त लागतं, दोघांच्या पेपरवर "किडनी डाएट" एवढंच लिहिलेलं असतं. आहारतज्ज्ञांकडून डायलिसिस हो की नाही आणि दाळ किती ग्रॅम हे लिहून घेतल्याशिवाय ते ताट किचनमधून बाहेर काढू नका.